फिजिओलॉजीची चार आठवड्यांची उजळणी : क्रम, कोरा कागद आणि हृदयाचे तीन दिवस

प्रश्न : मी सोलापुरात एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. विद्यापीठाच्या परीक्षेला बरोबर चार आठवडे उरले आहेत. फिजिओलॉजी एकदा वाचून झाली आहे, पण पुस्तक मिटले की काही आठवत नाही. अॅनाटॉमी आणि बायोकेमिस्ट्रीही आहेत, त्यामुळे फिजिओलॉजीला रोज पाच तास मिळतील. आमच्या पहिल्या पेपरात रक्त, हृदय, श्वसन, मूत्रपिंड, पचन आणि दुसऱ्यात चेता-स्नायू, मेंदू, ज्ञानेंद्रिये, अंतःस्रावी ग्रंथी, प्रजनन आहे. वेळापत्रक कसे आखू?

उत्तर :

तुमच्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य वेळापत्रकाविषयीचे नाही, तर "पुस्तक मिटले की काही आठवत नाही" हे आहे. मी या शहरात बरीच वर्षे पहिल्या वर्षाच्या मुलांना शरीरक्रियाशास्त्र शिकवत आले आहे आणि परीक्षेच्या महिनाभर आधी माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांची तक्रार हीच असते. त्यांनी वाचलेले नसते असे नाही. वाचताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटते आणि ती ओळख म्हणजेच आठवण असा समज होतो, पण उत्तरपत्रिकेवर पुस्तकातील ओळ समोर नसते. म्हणून या चार आठवड्यांत पुस्तक दुसऱ्यांदा वाचून संपवणे हे उद्दिष्ट ठेवू नका. एकेक विषय कोऱ्या कागदावर पुस्तकाविना उभा करता येणे हे उद्दिष्ट ठेवा; वेळापत्रक त्याच मापाने आखायचे आहे.

पुढे जे सांगते आहे ते तुमचे एक वाचन झाले आहे असे धरून. ज्यांची मज्जासंस्था किंवा अंतःस्रावी ग्रंथी हा भाग मुळीच वाचून झालेला नाही, त्यांनी हा आराखडा जसाच्या तसा घेऊ नये. त्यांना पहिले दोन आठवडे निवडक वाचनालाच द्यावे लागतील आणि उजळणीची एक फेरी सोडून द्यावी लागेल. तसेच वर्षभर जर्नल वेळेवर पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याला प्रॅक्टिकलसाठी जितका वेळ लागतो, त्याच्या दुप्पट वेळ जर्नल इतरांचे पाहून उतरवलेल्याला लागतो. आपण कुठे आहोत हे पहिल्या दिवशी प्रामाणिकपणे ठरवावे.

रोजचे पाच तास असे वाटावेत. पहिला पाऊण तास जुन्याची परतफेड : काल केलेले आणि साधारण आठवड्यापूर्वी केलेले, दोन्ही पुस्तक न उघडता लिहून किंवा आकृती काढून पाहायचे. त्यानंतर तीन तास त्या दिवसाचा विषय. मग एक तास घड्याळ लावून उत्तरलेखन. शेवटची पंधरा मिनिटे त्या दिवशी कुठे अडखळलो याच्या नोंदीसाठी. पाऊण तासाची ती परतफेड विद्यार्थ्यांना वेळेचा अपव्यय वाटते आणि वेळापत्रक घसरू लागले की सर्वप्रथम तिच्यावरच गदा येते. ती गेली की तिसऱ्या आठवड्यात पहिला आठवडा पुसला गेलेला असतो, म्हणून वेळ कमी पडला तर नव्या विषयातून कापा, परतफेडीतून नको. शक्य असेल तर नव्या विषयाचे तीन तास पहाटे ठेवा. उन्हाळ्याची परीक्षा असेल तर सोलापूरच्या दुपारी पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत जड विषय डोक्यात शिरत नाही. दुपारी जर्नल आणि आकृत्या कराव्यात.

आता क्रमाविषयी, कारण वेळापत्रके बहुधा इथेच फसतात. काही वर्षांपूर्वी बार्शीकडची एक हुशार मुलगी माझ्याकडे असेच रंगीत वेळापत्रक घेऊन आली होती. तिने पुस्तकातील प्रकरणांचा क्रम धरला होता : आधी पेशी, मग रक्त, मग पुढचे. सुरुवातीचा उत्साह आणि सुरुवातीची सोपी प्रकरणे यांची गाठ पडली आणि पेशी व रक्त या दोहोंवर तिचे नऊ दिवस गेले. चौथ्या आठवड्यात ती मज्जासंस्थेच्या मध्यावर होती आणि अंतःस्रावी ग्रंथी उघडल्याही नव्हत्या. रक्त तिला उत्तम येत होते, पण ते आधीही येत होते. प्रकरणांच्या क्रमाने जाण्यात हा धोका असतो की ज्याला सर्वांत कमी वेळ लागायला हवा त्याला सर्वांत जास्त मिळतो.

मी क्रम लावते तो परावलंबनावरून, म्हणजे कोणता विषय दुसऱ्याला आधार देतो ते पाहून. पहिल्या दिवशी नवे काही वाचायचे नाही. आपल्या विद्यापीठाच्या मागील काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका घेऊन प्रत्येक प्रश्नासमोर दोन मिनिटे थांबायचे, उत्तराचा सांगाडा मनात उभा राहतो का ते पाहायचे आणि "येते", "अर्धवट", "कोरे" यांपैकी एक खूण करायची. पुढील दिवसांत "अर्धवट" खूण असलेल्या प्रश्नांवर सर्वांत जास्त वेळ द्यायचा, कारण थोड्या कष्टात गुण तेथेच वाढतात.

दुसरा आणि तिसरा दिवस चेता-स्नायूंना. हा भाग तुमच्या दुसऱ्या पेपरात आहे, तरी आधी घ्यायचा, कारण पेशीपटलावरील विभवांतर आणि अॅक्शन पोटेन्शिअल कळल्याशिवाय हृदयाचा पेसमेकर समजत नाही आणि केवळ पाठ होतो. चौथा ते सहावा दिवस हृदय आणि रक्ताभिसरण. सातवा दिवस रविवार धरला, तर त्या दिवशी केवळ लेखन. दुसऱ्या आठवड्यात दोन दिवस श्वसन, नंतर दोन दिवस मूत्रपिंड, कारण आम्ल-अल्कली समतोल श्वसनाशेजारीच केलेला बरा, आणि रेनिनचा धागा आदल्या आठवड्यातील रक्तदाबाला जाऊन मिळतो. मग एक दिवस रक्त, एक दिवस पचन आणि चौदाव्या दिवशी पहिला पेपर पूर्ण तीन तास बसून लिहायचा. तिसऱ्या आठवड्यात तीन दिवस मज्जासंस्था, एक दिवस ज्ञानेंद्रिये, दोन दिवस अंतःस्रावी ग्रंथी व प्रजनन. अंतःस्रावी ग्रंथी शेवटी ठेवण्याचे कारण असे की तोवर अल्डोस्टेरोन व एडीएच मूत्रपिंडात आणि रक्तदाबात भेटून गेलेले असतात. एकविसाव्या दिवशी दुसरा पेपर लिहायचा. चौथ्या आठवड्यात नवा विषय नाही.

हृदयाचे तीन दिवस तपशिलात सांगते, कारण कोऱ्या कागदाची पद्धत नेमकी कशी चालते ते त्यावरून कळेल.

पहिल्या दिवशी कार्डिअॅक सायकल. बहुतेक मुले पुस्तकातील ती अनेक रेषांची मोठी आकृती वरून खाली उतरवून काढतात, दहा वेळा काढतात आणि अकराव्या वेळी चुकतात. तसे न करता कागद आडवा धरा, तळाशी वेळेची रेषा काढा आणि तिची लांबी ०.८ सेकंद माना. नाडीचे ठोके मिनिटाला ७५ असतील तर एका आवर्तनाला इतकाच वेळ मिळतो. आता वक्ररेषा काढण्याआधी चार उभ्या रेघा काढा : मायट्रल झडप मिटते, एऑर्टिक झडप उघडते, एऑर्टिक झडप मिटते, मायट्रल झडप उघडते. पहिल्या व दुसऱ्या रेघेमधील काळ अगदी थोडा, साधारण ०.०५ सेकंद. तिसरी रेघ पहिलीपासून ०.३ सेकंदावर आणि चौथी तिच्यापुढे थोड्या अंतरावर. ०.३ सेकंद आकुंचन आणि ०.५ सेकंद प्रसरण हा हिशेब कागदावर दिसला पाहिजे.

या चार रेघा काढल्या की उरलेले सारे त्यांच्यावर टांगता येते आणि पाठ करावे लागत नाही. डाव्या जवनिकेतील दाब महारोहिणीतील दाबाला कुठे ओलांडतो? दुसऱ्या रेघेवर, सुमारे ८० मिमी पाऱ्यावर, कारण झडप उघडण्याचे कारणच ते आहे. पहिला हृदयध्वनी कुठे? पहिल्या रेघेवर. दुसरा? तिसऱ्या रेघेवर. ईसीजीतील क्यूआरएस पहिल्या रेघेच्या किंचित आधी सुरू झाला पाहिजे, कारण विद्युत घटना आधी आणि यांत्रिक घटना नंतर. जवनिकेतील रक्ताचे आकारमान पहिल्या रेघेवर सुमारे १२० मिलिलिटर आणि तिसऱ्या रेघेवर ५०; फरक ७० मिलिलिटर. ७० ला ७५ ने गुणले की मिनिटाला सुमारे सव्वापाच लिटर हे कार्डिअॅक आउटपुट मिळते, आणि ७० ला १२० ने भागले की सुमारे ५८ टक्के हे इजेक्शन फ्रॅक्शन. चार रेघांतून चार छोट्या प्रश्नांची उत्तरे निघाली.

आता तुम्हाला खरेच समजले आहे की आकार पाठ झाला आहे, हे ओळखण्याची खूण अशी. आकारमानाची वक्ररेषा पहिल्या व दुसऱ्या रेघेमध्ये पाहा. ती सपाट हवी, कारण त्या वेळी दोन्ही झडपा मिटलेल्या असतात आणि रक्ताला जायला वाट नसते. पाठांतर केलेल्या मुलांची रेषा तिथेच खाली उतरू लागलेली असते, आणि तेवढ्यावरून परीक्षकाला सर्व काही कळते. दुसरी कसोटी म्हणजे स्वतःला विचारा : ठोके १५० झाले तर काय? आवर्तन ०.४ सेकंदाचे होते आणि ही कपात आकुंचनापेक्षा प्रसरणातून जास्त होते. डाव्या जवनिकेच्या स्नायूला स्वतःचा रक्तपुरवठा मुख्यतः प्रसरणकाळातच मिळतो, म्हणून अतिवेगवान हृदय स्वतःच्याच पोषणाला मुकते. हे उत्तर पुस्तक न पाहता देता आले तर तो विषय "येते" या खुणेत टाका.

दुसऱ्या दिवशी रक्तदाबाचे तात्काळ नियमन. इथे आकृतीऐवजी कारणांची साखळी लिहायची. माणूस झोपलेला होता, तो उभा राहिला. पायांतील शिरांत रक्त साचले, हृदयाकडे परतणारे रक्त कमी झाले, म्हणून प्रत्येक ठोक्यातील रक्त कमी, म्हणून दाब कमी. कॅरोटिड सायनसच्या भिंतीवरील ताण कमी झाला, म्हणून तेथील बॅरोरिसेप्टरकडून ग्लॉसोफॅरिंजिअल चेतेतून जाणारे आवेग कमी झाले. मेडुलातील केंद्रांवरचा हा नेहमीचा लगाम सैल झाला, त्यामुळे सिम्पथेटिक क्रिया वाढली आणि व्हेगसची कमी झाली. ठोके वाढले, रक्तवाहिन्या आकसल्या आणि दाब पूर्ववत होऊ लागला.

या साखळीत एक ठरलेली चूक असते आणि ती मी शेकडो उत्तरपत्रिकांत पाहिली आहे : "दाब कमी झाल्यामुळे बॅरोरिसेप्टर उत्तेजित होतात." नेमके उलट आहे, दाब वाढला की ते उत्तेजित होतात, कमी झाला की शांत होतात, आणि त्या शांततेमुळे सिम्पथेटिक मोकळे सुटते. चुकीचे वाक्य लिहूनही शेवट बरोबर येतो, म्हणून विद्यार्थ्याला आपली चूक कळत नाही. यावर उपाय म्हणजे साखळीतील प्रत्येक शब्दापुढे वर किंवा खाली बाण काढायचा आणि एकेक बाण बोटाने दाखवत "का?" असे विचारायचे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना मी सांगते की ही साखळी प्रथम मोठ्याने मराठीत बोला आणि नंतर तीच छोट्या इंग्रजी वाक्यांत लिहा. विचार मराठीत पक्का असेल तर इंग्रजी साधे असले तरी चालते. उलट पाठ केलेल्या भारदस्त इंग्रजी वाक्यांत बाणांची दिशा चुकलेली मला नेहमी सापडते.

याच साखळीला एक जोडप्रश्न देऊन पाहा. मे महिन्यात उन्हात रांगेत ताटकळणाऱ्या माणसाला घेरी का येते? त्वचेतील रक्तवाहिन्या उष्णता बाहेर टाकण्यासाठी रुंदावलेल्या असतात, घामाने रक्तातील पाणी घटलेले असते, स्थिर उभे राहिल्याने पोटऱ्यांचे स्नायू शिरांतील रक्त वर ढकलत नाहीत. मग नेहमीची प्रतिक्रिया होते, पण अपुरी पडते. असे उपयोजित प्रश्न हल्ली विचारले जातात आणि त्यांचे वेगळे पाठांतर होऊ शकत नाही. हृदयाच्या तिसऱ्या दिवशी ईसीजी, कोरोनरी रक्ताभिसरण, शॉक आणि मागील प्रश्नपत्रिकांतील उरलेले प्रश्न.

उत्तरलेखनाचा तास कसा मोजायचा तेही इथेच सांगते. शंभर गुणांना तीन तास, म्हणजे एका गुणाला १.८ मिनिटे. पाच गुणांच्या उत्तराला नऊ मिनिटे येतात, आणि प्रश्न वाचणे व शेवटी तपासणे यांसाठी थोडी शिल्लक हवी म्हणून आठ मिनिटेच धरा. आठ मिनिटांत व्याख्या, एक आकृती आणि कारणांची साखळी एवढेच मावते. हे घरी घड्याळ लावून पाहिले नाही, तर परीक्षेत पहिल्या आवडत्या प्रश्नावर चार पाने भरतात आणि शेवटचे दोन प्रश्न कोरे राहतात.

इतर विषयांना हीच पद्धत, फक्त प्रत्येकाचा कणा वेगळा. श्वसनात ऑक्सिजन-हिमोग्लोबिन वक्ररेषा : ४० मिमी दाबाला सुमारे ७५ टक्के आणि १०० मिमी दाबाला सुमारे ९७ टक्के संपृक्तता हे दोन बिंदू मांडले की वक्ररेषा आपोआप वळते, आणि ती उजवीकडे कशाने सरकते हे काम करणाऱ्या स्नायूकडे पाहून सांगता येते. मूत्रपिंडात क्लिअरन्सचे एक गणित स्वतः सोडवा. लघवीतील इन्युलिन मिलिलिटरला २५ मिलिग्रॅम, लघवी मिनिटाला १ मिलिलिटर, प्लाझ्मात मिलिलिटरला ०.२ मिलिग्रॅम, २५ भागिले ०.२ म्हणजे मिनिटाला १२५ मिलिलिटर. हे दिवसाला १८० लिटर होते आणि लघवी मात्र दीड लिटर. मग उरलेले कुठे परत गेले, या एका प्रश्नावर सबंध नेफ्रॉन उलगडत नेता येतो. रक्त आणि पचन यांत अशी साखळी फारशी नाही, तिथे तक्ते करून मोकळे व्हा.

मज्जासंस्थेला तीन दिवस कमी वाटतील आणि ते आहेतच. त्या तीन दिवसांत सर्व मार्ग करण्याचा हट्ट धरू नका. वेदना व स्पर्श यांचे मेंदूकडे जाणारे दोन मुख्य मार्ग, पिरॅमिडल मार्ग, स्ट्रेच रिफ्लेक्स, सेरेबेलम, बेसल गँगलिया आणि हायपोथॅलॅमस एवढे कोऱ्या कागदावर आले की थांबा. प्रत्येक मार्ग काढताना तो बाजू कुठे ओलांडतो यावर ठळक खूण करा, कारण मज्जारज्जूच्या अर्ध्या भागाला इजा झाल्यावर कोणत्या बाजूची कोणती संवेदना जाते हे त्या खुणेवरूनच सांगता येते.

वेळापत्रक मागे पडणार, हे गृहीत धरा. एखादा विषय ठरल्या वेळेत झाला नाही तर तो पुढच्या दिवशी ढकलू नका; जितका झाला तितका सोडून पुढच्या विषयाला लागा आणि राहिलेल्याची नोंद चौथ्या आठवड्याच्या यादीत करा. ढकलत गेलात तर बार्शीच्या मुलीसारखे शेवटचे विषय बळी जातात. चौथ्या आठवड्यातील बाविसावा ते सव्विसावा हे पाच दिवस या यादीसाठी आणि पहिल्या दिवशीच्या "अर्धवट" प्रश्नांसाठीच आहेत : प्रश्न घ्या, आठ मिनिटे लिहा, मग पुस्तक उघडून केवळ चुकलेले तेवढे पाहा. "कोरे" प्रश्नांपैकी वारंवार विचारले गेलेले तेवढे घ्या, बाकीचे सोडा. सत्ताविसाव्या दिवशी दोन्ही पेपरांतील आकृत्या हाताने एकदा काढा. अठ्ठाविसाव्या दिवशी फक्त पहिल्या पेपरातील अडखळलेल्या नोंदी चाळा आणि रात्री नेहमीच्या वेळी झोपा.

प्रॅक्टिकलसाठी वेगळे दिवस ठेवलेले नाहीत. आठवड्यातून दोन दुपारी, पाच तासांबाहेरचा एकेक तास, एवढे पुरे. पेशीमोजणीचे गुणक पाठ करण्याऐवजी मांडा : तांबड्या पेशींसाठी रक्त २०० पट विरल केलेले असते आणि मोजलेल्या ८० लहान चौकोनांचे आकारमान घन मिलिमीटरचा पन्नासावा भाग असते, म्हणून आलेल्या संख्येला २०० गुणिले ५०, म्हणजे १०,००० ने गुणायचे. रक्तदाब एकमेकींचा मोजून सराव करा, आणि स्टेथोस्कोप लावण्याआधी मनगटाची नाडी चाचपून सिस्टॉलिक दाबाचा अंदाज घ्यायला विसरू नका. काहींच्या बाबतीत ध्वनी मध्येच काही अंतर गायब होतात. आधी चाचपले नाही तर त्या मोकळ्या जागेत पट्टा फुगवणे थांबते आणि सिस्टॉलिक दाब खऱ्याहून कमी नोंदला जातो. तोंडी परीक्षेत परीक्षक तुम्हाला हाच "का" विचारतील.